अंतरपाटाच्या दोन कडा

मामाच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट १९९३ सालची. गेल्या दिवाळीत ती संगणकावर उतरवून घेतली आणि दिवाणखान्यातल्या ५५ इंची फोर-के टीव्हीवर लावली. मंगलाष्टकांचा आवाज ठीक होता. चित्र मात्र ओल्या काचेतून पाहिल्यासारखं होतं, आणि मामाने हात हलवला की हाताच्या कडेला कंगव्याचे दात फुटत होते. आई म्हणाली, "तेव्हा तर अगदी स्वच्छ दिसायचं रे. कॅसेट खराब झाली का?"

कॅसेट फारशी खराब झालेली नव्हती. पडदा मोठा झाला होता. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातले बारकावे वेगळे ओळखतो. त्याहून बारीक जे असेल ते त्याला एकजीव दिसतं. तेव्हा भारतात वापरात असलेल्या पाल पद्धतीच्या चित्रात डोळ्यांना दिसणाऱ्या ५७६ आडव्या रेषा असतात. २१ इंची जुन्या टीव्हीवर त्या साधारण ३० सेंटिमीटर उंचीत बसायच्या, म्हणजे एक रेषा अर्ध्या मिलिमीटरची. पावणेदोन-दोन मीटरच्या पलीकडे बसलं की त्या एकमेकींत मिसळून जात. ५५ इंची टीव्हीची उंची ६८ सेंटिमीटरच्या आसपास आहे. त्याच ५७६ रेषा तिथे ताणल्या की प्रत्येक रेष १.२ मिलिमीटरची होते आणि ती मिसळायला चार मीटर अंतर लागतं. आमचा सोफा अडीच मीटरवर आहे. शिवाय जुन्या काचेच्या नळीतला किरण प्रत्येक ठिपक्याच्या कडा आपसूक मऊ करत असे. नवा पडदा चौकोनी पिक्सेलांचा आहे आणि तो काहीच लपवत नाही.

तेव्हा प्रश्न असा की ५७६ रेषांचं चित्र मोठ्या पडद्यावर नेताना मधल्या जागा कशाने भरायच्या, आणि भरल्यावर त्याला किती धार लावायची. संगणकावर यासाठी डझनभर पद्धती मिळतात आणि प्रत्येकीचे भक्तही मिळतात. पण "सर्वांत चांगली पद्धत कोणती" असं विचारण्याआधी मूळ फितीत काय आहे आणि काय नाही, ते पाहावं लागतं. निवडीचं उत्तर तिथेच असतं.

फितीत खरंच किती आहे

कॅप्चर केलेली फाइल ७२० गुणिले ५७६ पिक्सेलांची असते. फोर-के टीव्हीवर ४:३ आकाराचं चित्र उंचीभर दाखवायचं तर २८८० गुणिले २१६० पिक्सेल लागतात. भागाकार केला तर तो बरोबर १५ येतो. पडद्यावरच्या दर १५ पिक्सेलांपैकी एकापुरतीच माहिती आपल्या फाइलमध्ये आहे, बाकीचे १४ आसपासच्यांवरून अंदाजाने भरायचे आहेत.

खरी स्थिती याहून हलाखीची आहे. व्हीएचएस फितीवर उजेड-अंधाराचा संदेश साधारण तीन मेगाहर्ट्झपर्यंतच टिकतो. पालमध्ये एका रेषेचा दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा असतो. या दोन आकड्यांवरून एका रेषेत जास्तीत जास्त ३१० च्या आसपास स्वतंत्र ठिपके बसतात. फाइलमध्ये रेषेला ७२० पिक्सेल दिसतात खरे, पण त्यातला निम्म्याहून अधिक भाग शेजाऱ्यांची उसनवारी आहे. रंगाची दशा तर आणखी वाईट. आडव्या दिशेने रंगाचे जेमतेम ४०-५० स्वतंत्र ठिपके उरतात, म्हणून मामीच्या कपाळावरचं कुंकू भुवईवर ओघळल्यासारखं दिसतं.

उभ्या दिशेने मात्र अशी काटछाट झालेली नसते. रेषा वेगवेगळ्याच नोंदलेल्या असतात, ५७६ म्हणजे ५७६. म्हणजे व्हीएचएसचं चित्र सगळीकडे सारखं धूसर नसतं. ते आडव्या दिशेने धूसर आणि उभ्या दिशेने बऱ्यापैकी रेखीव असतं.

हे पाहायला आमच्या कॅसेटमधली एक चौकट कामी आली. भटजींनी अंतरपाट धरला आहे, मागे गडद रंगाच्या कोटातली माणसं उभी आहेत. त्या पांढऱ्या कापडाची वरची कड पाहिली तर काळ्यावरून पांढऱ्यावर उडी एका-दोन रेषांत संपते. बाजूची उभी कड पाहिली तर तीच उडी चार-पाच पिक्सेलांत पसरलेली आहे, आणि कडेच्या आत एक झगझगीत पांढरी किनार आहे. ही किनार कापडाची नाही. व्हीसीआरमधल्या धार वाढवणाऱ्या मंडलाने ती घातली आहे. धूसरपणा लपवण्यासाठी बहुतेक यंत्रं असं करत. म्हणजे आपल्या हाती येण्याआधीच या चित्राला एकदा शार्पनिंग होऊन गेलेलं आहे. एकाच कापडाच्या या दोन कडा समोर ठेवल्या की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

आधी कंगव्याचे दात

मोठं करण्याआधी एक काम टाळता येत नाही. पाल चित्र सेकंदाला २५ पूर्ण चौकटींचं नसून ५० अर्ध्या चौकटींचं असतं. आधी विषम रेषांच्या २८८, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम रेषांच्या २८८. तेवढ्या वेळात मामाचा हात पुढे सरकलेला असतो. दोन्ही अर्ध्या एकत्र विणल्या की हाताची कड दातेरी होते.

याच अवस्थेत चित्र मोठं केलं तर ते दात एकमेकांत मिसळून राखाडी पट्टे बनतात आणि मग कोणतीही युक्ती त्यांना वेगळं करू शकत नाही. म्हणून आधी डीइंटरलेसिंग, मग बाकी सगळं. एफएफएमपेग या फुकट साधनात त्यासाठी `bwdif` हा चांगला फिल्टर आहे. अधिक चिकाटीच्या लोकांसाठी एफएफएमपेगबाहेरचा `QTGMC` आहे, तो खूप हळू चालतो पण बारीक रेषांची थरथर चांगली शांत करतो. दोन्हीतून सेकंदाला ५० पूर्ण चौकटी घ्याव्यात, २५ नव्हेत. २५ घेतल्या तर निम्मी हालचाल फेकली जाते आणि वरातीतला नाच अडखळल्यासारखा दिसतो.

अर्ध्या चौकटींपैकी आधीची कोणती, हेही सांगावं लागतं. डीव्ही कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलमध्ये सहसा खालची अर्धी आधी असते, पुष्कळ कॅप्चर कार्डांतून आलेल्या फाइलमध्ये वरची. चूक झाली की लगेच कळतं. चालणारा माणूस दोन पावलं पुढे आणि एक मागे असा थरथरत जातो. तसं दिसलं तर पुढे दिलेल्या आज्ञेत `tff` च्या जागी `bff` लिहायचं.

मधल्या जागा भरताना

आता मोठं करण्याच्या पद्धती. सगळ्या पद्धती नव्या पिक्सेलची किंमत शेजारच्या जुन्या पिक्सेलांवरून ठरवतात. फरक असतो तो किती शेजारी विचारायचे आणि कोणाच्या मताला किती वजन द्यायचं, यात. अंतरपाटाच्या वरच्या कडेवर हिशेब करून पाहू. वरून खाली येताना मागच्या कोटाची उजळता ५० आणि कापडाची १५०, अशी पिक्सेलांची ओळ धरू: ५०, ५०, ५०, १५०, १५०, १५०. कापडाच्या पहिल्या दोन पिक्सेलांच्या बरोबर मध्ये नवा पिक्सेल घालायचा आहे.

बायलिनियर पद्धत फक्त लगतचे दोन शेजारी विचारते. दोघेही १५० म्हणतात, उत्तर १५०. कुठे गडबड नाही, पण ही पद्धत बारीक पोत पुसून टाकते आणि तिरक्या रेषांना पायऱ्या पाडते.

कॅटमुल-रॉम ही बायक्युबिक कुळातली पद्धत चार शेजारी विचारते आणि लांबच्या दोघांना उणे वजन देते. तिचं उत्तर १५६ येतं. मूळ चित्रात कुठेही नसलेली उजळता कडेच्या आत उमटली. कडेच्या बाहेर तशीच ४४ पर्यंत खोल काळी रेघ उमटते. डोळ्याला हे "अधिक धारदार" वाटतं.

लांक्झोस पद्धत सहा शेजारी विचारते. तिचं उत्तर १६१ आणि त्याच्या पुढच्या मधल्या जागी १४८. म्हणजे आधी एक उजळ रेघ, मग तिच्यामागे एक फिकट काळपट रेघ. पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तसे हे तरंग आहेत. या पद्धतीमागचं गणित हंगेरीत जन्मलेल्या कॉर्नेलियस लांक्झोस यांचं. १९७९ मध्ये क्लॉड ड्यूशॉन यांनी हवामानाच्या नोंदी गाळण्यासाठी ते मांडलं. स्वच्छ, नीट घेतलेल्या डिजिटल चित्रावर लांक्झोस सुंदर काम करते, म्हणून "सर्वोत्तम" अशी तिची ख्याती झाली.

आणि मग मिचेल पद्धत. तिचं उत्तर १५३. उडी आहे, पण लांक्झोसच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, आणि मागोमाग दुसरी रेघ नाही. तिची किंमत अशी की ती मूळ पिक्सेललाही थोडं मऊ करते. कापडाचा अगदी कडेचा पिक्सेल १५० चा १४४ होतो. ही पद्धत १९८८ मध्ये बेल लॅब्जमधल्या डॉन मिचेल आणि अरुण नेत्रावळी यांनी मांडली. नेत्रावळी आयआयटी मुंबईत शिकलेले, पुढे ते बेल लॅब्जचे अध्यक्ष झाले. या दोघांचं वेगळेपण असं की त्यांनी निवड केवळ सूत्रावर सोडली नाही. बायक्युबिक कुळातल्या पद्धतींना दोन खुंट्या असतात. त्या निरनिराळ्या जागी फिरवून तयार केलेली चित्रं त्यांनी माणसांना दाखवली आणि कोणतं धूसर, कोणतं तरंगांचं, कोणतं चौकटी-चौकटींचं आणि कोणतं समाधानकारक, ते विचारलं. दोन्ही खुंट्या एक-तृतीयांशावर ठेवल्या की तडजोड बरी साधते, असं त्यातून ठरलं.

आता हे आकडे आपल्या दोन कडांवर ठेवून पाहू. अंतरपाटाची वरची कड एका रेषेत उडी मारणारी आहे, म्हणून वरचा हिशेब तिला जवळजवळ तसाच लागू पडतो. लांक्झोसने तिथे कापडावर स्पष्ट उजळ रेघ उमटते. बाजूची कड मुळातच चार-पाच पिक्सेलांत पसरलेली आहे. तिथे एकदम उडी नाही, त्यामुळे चारही पद्धतींची उत्तरं जवळजवळ सारखी येतात. ज्या कडेला धारेची गरज आहे तिथे लांक्झोस काहीच देत नाही, आणि जी कड आधीच रेखीव आहे तिला ती जास्तीची रेघ जोडते. फितीवरचे ठिपके आणि लग्नाच्या व्हिडिओत मागाहून घातलेली शीर्षकाची अक्षरंही उभ्या दिशेने तीक्ष्णच असतात. त्यांच्याभोवतीही तरंग उठतात. म्हणून व्हीएचएससाठी मी मिचेल निवडली.

धार कधी आणि कोणत्या दिशेने

मिचेलने मोठं केलेलं चित्र शांत असतं, पण मऊ असतं. त्याला थोडी धार लावायला हरकत नाही. इथे लोक दोन चुका करतात. एक म्हणजे आधी धार लावून मग मोठं करतात, दुसरी म्हणजे सगळ्या दिशांना सारखी धार लावतात.

नेहमीचं शार्पनिंग ज्या पद्धतीने होतं तिला अनशार्प मास्क म्हणतात. नाव डार्करूममधून आलं आहे. तिथे निगेटिव्हवर तिचीच मुद्दाम अस्पष्ट केलेली प्रत ठेवून छाप काढत. संगणक तेच करतो. चित्राची धूसर प्रत बनवतो, मूळ चित्रातून ती वजा करतो, आणि जो फरक उरतो त्याचा काही हिस्सा मूळ चित्रात परत मिसळतो. फरक कडांपाशीच मोठा असतो, म्हणून कडा उठून दिसतात. पण कडेच्या दोन्ही बाजूंना एक उजळ आणि एक काळी किनारही येते. ती बारीक असेल तर डोळा तिला धार समजतो, रुंद असेल तर ती वेगळी रेघ म्हणून दिसते.

आधी धार लावली तर मूळ फाइलमधली दोन पिक्सेलांची किनार आमच्या टीव्हीवर अडीच मिलिमीटर रुंद होते. सोफ्यावरून ती सहज दिसते. त्यातच व्हीसीआरने घातलेली जुनी किनारही वाढते. म्हणून क्रम असा: डीइंटरलेस, मग फितीची खरखर कमी, मग मोठं करणं आणि सगळ्यात शेवटी धार.

दिशेचं उत्तर पुन्हा अंतरपाटाकडे आहे. मी चित्र १४४० गुणिले १०८० पर्यंत मोठं करतो, कारण तिथून फोर-केपर्यंत बरोबर दुप्पट उरते आणि ती टीव्ही बिनचूक करतो. या आकारात फितीवरचा एक खरा ठिपका आडव्या दिशेने साडेचार पिक्सेलांवर पसरतो, उभ्या दिशेने दोनहून कमी पिक्सेलांवर. म्हणून धूसर प्रत बनवतानाची खिडकीही आडवी रुंद ठेवायची, नऊ बाय पाच. तीन बाय तीनच्या खिडकीने इथे धार येतच नाही, कारण साडेचार पिक्सेल पसरलेल्या कडेत एवढ्या जवळच्या पिक्सेलांत फरकच नसतो. तेवढ्या खिडकीत फक्त खरखर चमकते. रंगाला धार अजिबात लावायची नाही. ओघळलेल्या कुंकवाची कड रेखीव केली तर ते चुकीच्या जागी रेखीव होतं, एवढाच फायदा.

अक्षता गेल्या कुठे

खरखर कमी करताना मी पहिल्यांदा फसलो. फितीवरची खरखर दर चौकटीत वेगळी असते, तर मंडप, माणसं, भिंती बऱ्याच चौकटींत तिथेच असतात. म्हणून वेळेच्या दिशेने चालणारे फिल्टर पुढच्या-मागच्या चौकटी पाहून सरासरी काढतात. मी ते जोरात लावलं. चेहरे गुळगुळीत झाले, भिंत शांत झाली. आईने पाहिलं आणि विचारलं, "सगळे हात वर करतायत, पण अक्षता गेल्या कुठे?"

फिल्टरने त्या पुसल्या होत्या. अक्षतेचा दाणा एका जागी फार तर एका चौकटीत असतो, पुढच्या चौकटीत तो दुसरीकडे गेलेला असतो. फिल्टरच्या दृष्टीने तो फितीवरचा डाग. पाऊस, फटाक्यांच्या ठिणग्या आणि गुलाल यांची गत हीच होते. म्हणून खरखर कमी करण्याचा प्रयोग स्थिर चेहऱ्यावर पाहून ठरवायचा नाही, उडत्या अक्षतांवर पाहून ठरवायचा. मी उजळतेवरचा जोर बराच कमी केला आणि रंगावरचा जास्त ठेवला, कारण रंगाची खरखर जास्त टोचते आणि रंगात गमावण्यासारखा बारकावा मुळातच नाही.

सगळं एकत्र करून ठरलेली आज्ञा अशी. संगणकावर ती एकाच ओळीत लिहायची.

```
ffmpeg -ss 00:12:00 -t 20 -i lagna.avi -vf "bwdif=mode=send_field:parity=tff:deint=all,crop=688:564:16:2,hqdn3d=1.5:3:2:4,scale=1440:1080:flags=bicubic:param0=0.3333:param1=0.3333:in_color_matrix=bt601:out_color_matrix=bt709,unsharp=9:5:0.5:5:5:0,setsar=1,pad=1920:1080:240:0" -c:v libx264 -crf 18 -pix_fmt yuv420p -colorspace bt709 -c:a aac namuna.mp4
```

यातल्या बहुतेक गोष्टी वर आल्या आहेत, दोन राहिल्या. `crop` हा भाग कडेच्या काळ्या पट्ट्या आणि तळाच्या वळवळणाऱ्या आठ-दहा रेषा कापतो. व्हीसीआरचं एक हेड थांबून दुसरं सुरू होतं तिथे त्या येतात. जुने टीव्ही चित्राची कड चौकटीआड लपवत, म्हणून त्या आपल्याला कधी दिसल्याच नाहीत. `bt601` आणि `bt709` ही रंगांची दोन मापं आहेत. जुनं चित्र पहिल्या मापातलं असतं, आणि मोठ्या आकाराची फाइल पाहिली की टीव्ही दुसरं माप गृहीत धरतो. हे रूपांतर विसरलं तर लाल आणि हिरवे रंग सरकतात. हिरव्या चुड्याचा रंग बदललेला दिसला तर दोष फितीचा नसून इथला असतो. शेवटचा `pad` दोन्ही बाजूंना काळी जागा सोडतो. चित्र ताणून ती भरली तर मामा एक-तृतीयांशाने जाड होतो.

निकाल टीव्हीवर

आज्ञेतले `-ss` आणि `-t` फक्त २० सेकंदांचा तुकडा काढतात. पूर्ण तीन तासांवर रात्रभर संगणक चालवण्याआधी असे तीन तुकडे काढावेत. एक जवळून घेतलेला चेहरा, एक अंतरपाटासारखी किंवा साडीच्या काठासारखी ठळक कड, आणि एक वेगाने हलणारा प्रसंग. प्रत्येकाच्या दोन-तीन आवृत्त्या करून पेन ड्राइव्हवर टीव्हीला लावायच्या आणि नेहमीच्या जागी बसून पाहायच्या. संगणकाच्या पडद्याला नाक लावून केलेली निवड सोफ्यावर चुकते. जवळून पाहताना माणूस हमखास जास्त धार लावतो.

त्याआधी टीव्हीचं स्वतःचं शार्पनिंग आवरायला हवं, नाहीतर व्हीसीआर, आपण आणि टीव्ही अशी तिघांची धार एकावर एक बसते. मेनूतला शार्पनेसचा आकडा प्रत्येक टीव्हीत वेगळा अर्थ घेतो. काहींत शून्य म्हणजे "काही करू नको", काहींत मधला आकडा, आणि त्याखाली गेलं की चित्र मुद्दाम मऊ होतं. राखाडी पार्श्वभूमीवर काळी अक्षरं असलेलं चित्र लावायचं आणि अक्षरांभोवतीची पांढरी किनार नाहीशी होईपर्यंत आकडा खाली आणायचा. ती जिथे नाहीशी होते, तीच जागा.

मी धारेचं प्रमाण ०, ०.५ आणि १ असे तीन तुकडे केले. १ वाल्यात आजोबांच्या फेट्याला चकचकीत बॉर्डर आली होती आणि गालावर वाळूसारखे कण उमटले होते. ० आणि ०.५ यांत आईला अडीच मीटरवरून ०.५ आवडला. चार मीटरवर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिल्यावर तिला फरक सांगता येईना. सुरुवातीच्या हिशेबाप्रमाणे तसंच व्हायला हवं होतं.

व्हीसीडी असेल तर

पुष्कळ घरांत कॅसेट केव्हाच फेकून दिलेली असते आणि उरते ती फोटो स्टुडिओने नंतर बनवून दिलेली व्हीसीडी. तिचा हिशेब वेगळा आहे. पाल व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ असतं. अर्ध्या चौकटींचा प्रश्न तिथे उरत नाही, कारण एक अर्धी फेकूनच दिलेली असते. शिवाय सेकंदाला साडेअकरा लाख बिटांत चित्र कोंबण्यासाठी त्याचे आठ बाय आठचे ठोकळे पाडून दाबलेले असतात. इथे धार लावली की पहिल्यांदा ठोकळ्यांच्या कडा उठतात आणि नवरदेवाचा चेहरा फरशी बसवल्यासारखा दिसतो. व्हीसीडीला आधी ठोकळे मऊ करणारा फिल्टर, `deblock`, मग मिचेल, आणि धार शून्य. कॅसेट कुणा नातेवाइकाकडे अजून असेल तर व्हीसीडीवर महिनाभर खपण्यापेक्षा ती शोधून आणलेली बरी.

मोठं करण्याच्या पद्धतींपैकी राहिली ती शिकवलेल्या जाळ्यांची पद्धत, जी हजारो चित्रांवरून "असं धूसर दिसत असेल तर मूळ असं असावं" हे शिकलेली असते. २०२१ मध्ये आलेलं रिअल-ईएसआरगॅन त्यातलंच. इमारती, झाडं, अक्षरं यांवर ती थक्क करते. पण ती मधल्या जागा शेजाऱ्यांना विचारून भरत नाही, आठवणीतून भरते, आणि त्या आठवणी दुसऱ्यांच्या असतात. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या पल्स या साधनाला बराक ओबामांचं पिक्सेलांचं चित्र दिलं तर त्यातून एका गोऱ्या माणसाचा चेहरा निघाला होता. ते साधन चेहरा नव्याने रचणारं होतं, तरी धोका त्याच जातीचा आहे. आमच्या कॅसेटमध्ये मागे उभ्या माणसांचे चेहरे वीस-बावीस पिक्सेलांचे आहेत. तिथे रिअल-ईएसआरगॅनने एका बाईला रेखीव डोळे आणि भुवया दिल्या. पुढच्या चौकटीत भुवया थोड्या वेगळ्या होत्या, कारण प्रत्येक चौकट ते स्वतंत्रपणे पाहतं, आणि त्यामुळे चेहरा सतत थरथरत होता. मिचेलच्या प्रतीत ती बाई अस्पष्टच आहे. पण आईने चालीवरून आणि डोक्यावरच्या पदरावरून तिला ओळखलं, ती तिची मोठी आत्या होती. भुवया रेखलेल्या प्रतीत आईला ती ओळखता आली नव्हती.

आता तीन तासांची मिचेलची प्रत टीव्हीसाठी आहे. कॅप्चरची मूळ फाइल, कंगव्याच्या दातांसकट आणि तळाच्या वळवळत्या रेषांसकट, वेगळ्या डिस्कवर तशीच ठेवली आहे, कारण कापलेली रेष आणि पुसलेली अक्षता पुढच्या कुठल्याही पद्धतीला परत आणता येणार नाही.